दोन १४२ आणि एक चुकलेली वजाबाकी

सकाळी साडेसहाला सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला. ‘‘अहो, तुमचं यंत्र म्हणतंय टाकी भरलेली आहे. चौथ्या मजल्यावर नळाला थेंब नाही!’’ गच्चीवर जाऊन झाकण उचललं तर पाणी ६० सेंटीमीटरवर होतं, आणि माझा प्रोग्राम ठामपणे १९० सांगत होता. पाणी ८० च्या खाली गेलं की मोटर सुरू करायची, हे एवढंच त्याचं काम. त्याच्या हिशेबाने टाकी काठोकाठ होती, त्यामुळे मोटर लागली नव्हती. त्या दिवशी मोटर वॉचमनमामांनी हाताने लावली आणि मी ऑफिसला दांडी मारली.

दोष सेन्सरचा असेल असं मला आधी वाटलं. टाकीच्या झाकणाला आतून लावलेला हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनीची बारीक चाहूल खाली सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला तिला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून पाण्याची पातळी काढतो. दर मिनिटाला एक नोंद, पूर्ण सेंटीमीटरमध्ये. यात अधूनमधून चूक होणारच. पाणी खाली गेलं की टाकीतली लोखंडी शिडी उघडी पडते आणि एखाद्या वेळी प्रतिध्वनी पाण्याऐवजी तिच्या वरच्या पायरीवरून परत येतो. पायरी जवळ असल्यामुळे सेन्सरला वाटतं पाणीच जवळ आलं, म्हणजे टाकी भरली. हे मला माहीत होतं आणि त्याची सोयही मी केली होती. ती सोयच कशी उलटली, ते सांगतो.

अशा एखाद्या वेड्या नोंदीवर पहिला उपाय सुचतो तो सरासरीचा. पण सरासरी भिडस्त असते, कोणी मोठ्याने ओरडलं की तिकडे झुकते. १३८, १३७ आणि १९० यांची सरासरी येते १५५, आणि टाकीत १५५ वर पाणी कधी नव्हतंच. याउलट शाळेत शिकलेला मध्यक आठवा. संख्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि बरोबर मधली उचलायची. १३७, १३८, १९०, मध्यक १३८. तो १९० जागी हजार असता तरी मध्यक जागचा हलला नसता. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९७७ साली आलेल्या ‘एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस’ या पुस्तकात ओबडधोबड नोंदी गुळगुळीत करायला हाच सरकता मध्यक वापरला आहे. शेवटच्या ठरावीक नोंदी एका खिडकीत घ्यायच्या, त्यांचा मध्यक काढायचा, मग खिडकी एक घर पुढे सरकवायची. नवी नोंद आत येते, सर्वांत जुनी बाहेर जाते, मध्यक पुन्हा काढायचा.

मोटरसाठी मी १५ नोंदींची खिडकी ठेवली होती. पंधरा संख्या दर मिनिटाला नव्याने क्रमाने लावायला कुठल्याही फुटकळ चिपला काहीच कष्ट नाहीत. माझी हौस मात्र तिथे थांबली नाही. वर्षभराच्या साठवलेल्या नोंदींवर चोवीस तासांची, म्हणजे १४४० नोंदींची खिडकी फिरवून पाणी कुठल्या महिन्यात किती लागतं ते मला बघायचं होतं. वर्षाची मिनिटं होतात ५,२५,६००. प्रत्येक मिनिटाला १४४० संख्या नव्याने क्रमाने लावायच्या तर एका वेळी साधारण पंधरा हजार तुलना, आणि वर्षाच्या मिळून सुमारे आठशे कोटी. खिडकीतल्या १४३९ संख्या तर कालच्याच असतात! एक आली, एक गेली, तेवढ्यासाठी सगळं घर पुन्हा लावायचं हे मनाला पटेना. म्हणून मी प्रोग्रामिंगच्या मुलाखतींत हमखास विचारली जाणारी दोन हीपांची रीत वापरली आणि तोच प्रोग्राम मोटरलाही जोडून दिला.

हीप म्हणजे संख्यांची अशी रचना की सर्वांत वर कोण आहे ते तात्काळ कळतं. बाकीच्यांच्या क्रमाशी तिला देणंघेणं नसतं. वंशावळीसारखी मांडणी, नियम एकच : बापापेक्षा पोर मोठं असायचं नाही. त्यामुळे सर्वांत मोठी संख्या आपोआप शेंड्यावर येते. नियम उलटा केला की सर्वांत लहान शेंड्यावर. नवी संख्या आली की ती तळाशी लावायची आणि योग्य जागी पोचेपर्यंत वर चढवत न्यायची. सातशे संख्यांच्या हीपमध्ये ही चढण जेमतेम नऊदहा पायऱ्यांची असते. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ही रचना मांडली, ती संख्या क्रमाने लावण्यासाठी.

मध्यकासाठी असे दोन हीप लागतात. खिडकीतल्या लहान निम्म्या संख्या खालच्या हीपमध्ये, तिथे सर्वांत मोठी शेंड्यावर. मोठ्या निम्म्या वरच्या हीपमध्ये, तिथे सर्वांत लहान शेंड्यावर. दोन्ही शेंडे एकमेकांना भिडलेले, आणि मध्यक बरोबर त्या सांध्यावर. पंधराची खिडकी असेल तर खाली आठ आणि वर सात ठेवायच्या. खालच्याचा शेंडा हाच मध्यक. नवी संख्या खालच्या शेंड्याएवढी किंवा त्याहून लहान असेल तर खाली जाते, नाहीतर वर. मग पारडं कुठे झुकलं असेल तर एका हीपचा शेंडा उचलून दुसऱ्यात टाकायचा.

येणाऱ्या संख्येची सोय अशी लागली. पंचाईत होते ती जाणाऱ्या संख्येची. पंधरा मिनिटांपूर्वीची नोंद आता बाहेर काढायची आहे, पण ती हीपच्या पोटात कुठे दडली आहे कोणास ठाऊक. हीपला फक्त शेंडा माहीत. शोधायला निघालो तर सगळा हीप उपसावा लागतो आणि वेळ वाचवण्याचा हेतूच बुडतो. प्रत्येक संख्या कुठल्या फांदीवर बसली आहे याची वेगळी वही ठेवून तिला थेट उपटता येतं. संख्याशास्त्राच्या आर या भाषेत `runmed` नावाचं तयार साधन आहे, त्यात हेर्डले आणि श्टायगर यांची १९९५ ची जी रीत आहे ती याच वळणाची. पण हीपमधली प्रत्येक हालचाल त्या वहीत उतरवत राहायची म्हणजे कटकटीचं काम.

बहुतेक लोक त्यापेक्षा आळशी वाट धरतात, आणि तिला नावही तेच आहे : लेझी डिलीशन. गेलेली संख्या काढायचीच नाही. पडू दे पोटात. ती मध्ये आहे तोवर कोणाला त्रास देत नाही, कारण आपण बघतो फक्त शेंडा. कधी काळी ती शेंड्यावर आलीच, तर तेव्हा बघायचं, ‘ही तर केव्हाच बाद झालेली’ म्हणायचं आणि फेकून द्यायची. मतदार यादीत वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं राहतात तसंच हे. यादी जाड होते, पण मतदानाच्या दिवशी तो माणूस काही रांगेत येत नाही.

फक्त एक पथ्य पाळावं लागतं. हीपमध्ये आता जिवंत आणि बाद दोन्ही संख्या आहेत, त्यामुळे हीपची लांबी मोजून पारडी समान आहेत की नाहीत ते कळत नाही. जिवंतांची मोजणी वेगळी ठेवावी लागते, प्रत्येक हीपसाठी एक आकडा. कोणी गेलं की त्याच्या बाजूच्या आकड्यातून एक वजा करायचा. प्रत्यक्ष काढणं पुढे ढकललं तरी चालेल, वजाबाकी मात्र त्याच क्षणी व्हायला हवी. म्हणजे वजा करताना गेलेली संख्या कुठल्या बाजूची होती ते माहीत असायला हवं. मी फसलो तो इथे.

माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक संख्येबरोबर तिचा अनुक्रमांक, म्हणजे ती कितवी नोंद आहे ते, हीपमध्ये ठेवलेलं होतं. शेंड्यावरची संख्या बाद आहे का हे ठरवायला तो फार सोयीचा : अनुक्रमांक खिडकीच्या मागे पडला असेल तर बाद. बाजू ठरवण्यासाठी मात्र मी हे लिहिलं होतं :

```python
j = i - k
if a[j] <= -lo[0][0]:
    nlo -= 1
else:
    nhi -= 1
```

इथे `lo` हा खालचा हीप, आणि `nlo` व `nhi` या खालच्या-वरच्या जिवंतांच्या मोजण्या. उणे चिन्ह पायथनच्या सोयीचं आहे : त्याचा नेहमीचा हीप लहान संख्या शेंड्यावर ठेवतो, म्हणून खालच्या हीपमध्ये संख्या उणे करून टाकतात. या ओळींचा अर्थ सरळ आहे. गेलेली संख्या खालच्या शेंड्याएवढी किंवा लहान असेल तर ती खालची, नाहीतर वरची. वाचताना इतकं निर्मळ वाटतं की मी त्यावरून तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा मान डोलावली.

आता कागद घ्या. खिडकी तीनाची आणि नोंदी अशा : १४२, १४२, १३९, १३८, १३७, १९०, १३६. पाणी हळूहळू उतरतंय आणि सहावी नोंद शिडीची. दोन १४२ वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना पहिला आणि दुसरा म्हणू.

पहिला १४२ खालच्या हीपमध्ये गेला. दुसरा आला, तो शेंड्याएवढाच आहे, म्हणून तोही खाली. आता खाली दोन आणि वर कोणी नाही, तेव्हा खालचा शेंडा वर पाठवायचा. पण शेंड्यावर कोण? दोन्ही सारखेच, आणि बरोबरी झाली की पायथन जोडीतला पुढचा आकडा म्हणजे अनुक्रमांक बघतो. लहान अनुक्रमांक पुढे. म्हणून पहिला १४२ वर गेला आणि दुसरा खाली राहिला. तिसरी नोंद १३९ खाली आली. खाली दुसरा १४२ आणि १३९, वर पहिला १४२. मध्यक १४२. अगदी बरोबर.

चौथी नोंद १३८. ती खाली गेली, खालची मोजणी ३. आता पहिला १४२ खिडकीबाहेर जाणार, आणि तो वरच्या हीपमध्ये आहे. प्रोग्राम विचारतो, गेलेली संख्या १४२, खालचा शेंडाही १४२, म्हणजे ‘एवढी किंवा लहान’, अर्थात खालची. खालच्या मोजणीतून एक वजा, ३ चे २. वरची मोजणी १ होती तशीच. दोन खाली, एक वर, पारडी जुळली, हलवाहलव नको. मग बाद संख्यांची झाडलोट :

```python
while hi and hi[0][1] <= i - k:
    heappop(hi)
```

वरच्या हीपच्या शेंड्यावर पहिला १४२. अनुक्रमांक जुना, म्हणून बाद, फेकला. वरचा हीप रिकामा झाला, पण त्याच्या मोजणीत अजून १ आहे. खाली तीन जिवंत संख्या बसल्या आहेत आणि मोजणी म्हणते २. माणूस गेला वरच्या वॉर्डातला, नाव खोडलं खालच्या वॉर्डातल्या नामसारख्याचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खिडकीत आता १४२, १३९, १३८ आहेत. मध्यक १३९ हवा, प्रोग्राम सांगतो १४२. पाचवी नोंद १३७ आली की खरा मध्यक १३८, प्रोग्रामचा १३९. एका सेंटीमीटरचा फरक. तो बघून कोणाला शंका येणार? सहावी १९० आली. ती वर गेली, वरची मोजणी २. बाहेर जाणारा १३९ खालचा, तो नीट वजा झाला, खालची मोजणी १. मग पारडं सावरायला वरचा शेंडा खाली आणला. वर होती ती एकच संख्या, तीच १९०! ती खालच्या शेंड्यावर जाऊन बसली आणि मध्यक म्हणून छापली गेली. खिडकीत १३८, १३७, १९०. मध्यक १३८ हवा. सातव्या नोंदीलाही तेच : खिडकीत १३७, १९०, १३६, खरा मध्यक १३७, प्रोग्राम म्हणतो १९०.

चुकीच्या उत्तरांवर एकदा नजर फिरवा. १४२, १३९, १९०, १९०. प्रत्येक वेळी ती खिडकीतली सर्वांत मोठी संख्या आहे. तिन्ही जिवंत संख्या खालच्या हीपमध्ये गोळा झाल्यामुळे त्याचा शेंडा मध्यक राहिलेलाच नाही, तो कमाल झाला आहे. जी गाळणी वेडा आकडा अडवायला लावली होती, ती आता नेमका वेडा आकडाच पुढे पाठवते. आणि प्रोग्राम कोसळत नाही, कुरकुरतही नाही. बिघाड आपणहून दुरुस्त होण्याची आशाही ठेवू नका : या वजाबाकीत चूक होते ती नेहमी खालच्याच बाजूवर, उलट दिशेची चूक कधी होत नाही, त्यामुळे एकदा ढळलेलं पारडं परत येत नाही.

पंधराच्या खिडकीत एका अशा चुकीने उत्तर मध्यकापासून एक घरच वर सरकतं. आठव्या क्रमांकाच्या जागी नववी संख्या येते. कमाल व्हायला सात चुका लागतात. सात चुका व्हायला किती वेळ जाईल, असं मी त्या दिवशी कागदावर काढलं आणि कपाळावर हात मारला. रात्री दोन वाजता सोसायटीत कोणी पाणी वापरत नाही. सेन्सर पूर्ण सेंटीमीटरमध्ये बोलतो, त्यामुळे १४२, १४२, १४२ अशी रांग लागते. खिडकीतल्या पंधराही नोंदी सारख्या झाल्या की नवी नोंद नेहमी खाली जाते, जाणारी नेहमी खालून वजा होते, आणि वरच्या हीपमधल्या मात्र वय झाल्यावर एकेक करून गुपचूप गळतात. पाणी अर्धा तास एका पातळीवर थांबलं की वरचा हीप पूर्ण रिकामा आणि त्याची मोजणी अजून ७. म्हणजे माझी गाळणी पहिल्याच शांत रात्री मेली होती. त्यानंतर पंधरा मिनिटांत शिडीचा एक जरी प्रतिध्वनी आला तरी टाकी भरलेली दिसणार होती. आणि सकाळी पाणी उतरून शिडी उघडी पडली की असे प्रतिध्वनी पंधरा मिनिटांत एखादा तरी येतोच.

चाचणी केली नव्हती का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. केली होती, दहा हजार नोंदींवर, आणि सगळी उत्तरं बरोबर आली होती. पण त्या नोंदी मी संगणकाकडून यादृच्छिक घेतल्या होत्या, शून्य आणि एक यांच्यामधले लांबलचक दशांश. दहा हजारांत दोन सारखे निघण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. माझ्या चाचणीत बरोबरीचा प्रसंग एकदाही आला नाही आणि टाकीत तो दर मिनिटाला येत होता.

दुरुस्ती छोटी आहे. प्रत्येक नोंद सध्या कुठल्या हीपमध्ये आहे हे अनुक्रमांकानुसार एका यादीत लिहून ठेवायचं. हीपमध्ये टाकताना लिहायचं, आणि शेंडा एकीकडून दुसरीकडे नेताना बदलायचं. हे दुसरं बरेच जण विसरतात. मग वजाबाकीच्या वेळी किंमत बघायचीच नाही :

```python
if side[j] == 0:
    nlo -= 1
else:
    nhi -= 1
```

तोच कागद पुन्हा काढा. चौथी नोंद १३८ आली, खालची मोजणी ३. पहिला १४२ जातो. यादी सांगते तो वरचा, म्हणून वरची मोजणी ०. खाली तीन, वर शून्य, म्हणून खालचा शेंडा, दुसरा १४२, वर गेला. मग झाडलोटीत पहिला १४२ फेकला गेला. खाली १३९ आणि १३८, वर दुसरा १४२. मध्यक १३९. पुढे १९० वर जातो आणि तिथेच राहतो.

अनुक्रमांक अजिबात न ठेवता फक्त किमतींवरही हे जमतं. ‘१४२ चा एक बाद आहे’ अशी उधारी एका वहीत लिहायची आणि शेंड्यावर १४२ आला की एक फेकून उधारी मिटवायची. सगळे १४२ सारखेच, तेव्हा कुठला फेकला याला महत्त्व नाही. फक्त ज्या बाजूची मोजणी वजा केली त्याच बाजूचा फेकला पाहिजे. गेलेली संख्या खालच्या शेंड्याहून लहान असेल तर काळजी नाही. तिच्या सगळ्या प्रती खालीच असणार, कारण वरच्या हीपमध्ये शेंड्याहून लहान काही नसतंच. ती शेंड्याहून मोठी असेल तर सगळ्या वरच. धोका एकाच ठिकाणी आहे : ती शेंड्याइतकीच असेल तर तिच्या प्रती दोन्हीकडे असू शकतात. अशा वेळी उधारी ठेवायची नाही. खालून वजा केलं ना, मग खालचा शेंडा त्याच क्षणी काढून टाकायचा, दुसरी कुठलीही हलवाहलव करण्याआधी. नाहीतर वरचा हीप ती उधारी स्वतःच्या १४२ ने मिटवून मोकळा होतो आणि पुन्हा तीच गत.

म्हणजे ओळख एकच धरा, अनुक्रमांकाची किंवा किमतीची. माझ्या प्रोग्रामने बाद कोण ते अनुक्रमांकावरून ठरवलं आणि बाजू कोणती ते किमतीवरून. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या, पण त्या एकाच १४२ बद्दल बोलत नव्हत्या. ‘एवढी किंवा लहान’ऐवजी नुसतं ‘लहान’ केलं तर भागेल, असंही मला त्या सकाळी वाटलं होतं. भागत नाही. तेव्हा वजाबाकी चुकून वरच्या बाजूवर पडायला लागते आणि कमालऐवजी उत्तर किमानकडे सरकतं.

या आळसाची किंमतही सांगून ठेवतो. बाद संख्या पोटात साचत राहतात. टाकीत पाणी रोज चढतं-उतरतं, त्यामुळे बाद नोंदी आज ना उद्या शेंड्यावर येऊन झडतात. पण वीजमीटरसारखी सतत चढती नोंद असेल तर खालच्या हीपमधल्या जुन्या लहान नोंदी तळाशी गेल्या त्या गेल्याच, कधी शेंड्यावर येत नाहीत. खिडकी पंधराची आणि हीपमध्ये वर्षाच्या पाच लाख नोंदी, असंही होऊ शकतं. बाद संख्या जिवंतांपेक्षा जास्त झाल्या की जिवंत तेवढ्या वेचून हीप नव्याने बांधायचा. त्याला फार वेळ लागत नाही.

खरं सांगायचं तर टाकीला हे काहीच नको होतं. पातळी ० ते २०० मधली पूर्ण संख्या, म्हणजे २०१ खणांची फळी पुरे. नोंद आली की त्या खणात एक वाढवायचा, गेली की एक कमी करायचा, आणि मध्यक हवा तेव्हा शून्यापासून मोजत जाऊन आठवी नोंद गाठायची. हुआंग, यांग आणि टांग यांनी १९७९ मध्ये छायाचित्रांवरचे डाग काढायला असाच खणांचा हिशेब वापरला, कारण चित्रातल्या ठिपक्याच्या उजेडाला २५६ च पायऱ्या होत्या. या पद्धतीत सारख्या संख्यांची भानगडच उरत नाही. १४२ च्या खणात किती आहेत एवढंच बघायचं, पहिला-दुसरा हा भेद तिथे नाहीच. मोटरचं काम मी त्याच आठवड्यात खणांवर नेलं. दोन हीप हवेत ते दशांशातल्या नोंदींना, किंवा ज्यांचा पल्ला आधी सांगता येत नाही अशांना, आणि तेही खिडकी मोठी असेल तर.

तुमच्याकडे असा प्रोग्राम असेल, स्वतः लिहिलेला किंवा कुठून उचललेला, तर त्याला आज रात्री एवढं खाऊ घाला. `medians` च्या जागी तुमच्या फंक्शनचं नाव टाका, `k` विषम ठेवा आणि हे हजार वेळा फिरवा :

```python
a = [randint(0, 3) for _ in range(30)]
want = [sorted(a[i-k+1:i+1])[k//2]
        for i in range(k-1, len(a))]
assert medians(a, k) == want
```

यातला महत्त्वाचा आकडा ३ आहे. तो वाढवू नका.